रिकाम्या फेरीतली थरथर: एका प्रोपेलरचे प्रकरण

या प्रकरणातले जहाज म्हणजे सुमारे पंचावन्न हजार टन सुटा माल वाहणारे, एकच शाफ्ट आणि एकच प्रोपेलर असलेले बल्क कॅरियर. ते एका ठरावीक जहाजाचे चरित्र नाही. या आकाराच्या जहाजांवर जे वारंवार घडते ते एका जागी नीट मांडता यावे, म्हणून ते घेतले आहे. प्रोपेलर चार पात्यांचा, निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझचा, व्यास ६ मीटर, पिच ४.२ मीटर. इंजिन सहा सिलिंडरचे, टू-स्ट्रोक, मंदगती, थेट शाफ्टला जोडलेले. नेहमीचा वेग मिनिटाला ११० फेरे.

तक्रार अशी होती. जहाज उष्ण पाण्यात पाच आठवडे नांगरावर उभे होते. त्यानंतर रिकामे, म्हणजे फक्त तोलासाठीचे बॅलास्टचे पाणी घेऊन निघाले, आणि मागच्या भागातल्या केबिन थरथरू लागल्या. स्टिअरिंग गिअरच्या खोलीत डोक्यावर कोणी लयीत हातोडा मारत असावे तसा आवाज येत होता. माल भरलेल्या आधीच्या फेरीत असे काही नव्हते. पहिला संशय इंजिनावर गेला. तसा तो नेहमीच जातो, कारण इंजिन डोळ्यांसमोर असते आणि प्रोपेलर पाण्याखाली.

पहिला पुरावा: रोजची स्लिप

इंजिनाला हात लावण्याआधी दुपारच्या नोंदींची वही उघडायला हवी होती. त्यासाठी पिच म्हणजे काय ते आधी पाहू.

लाकडात स्क्रू एक पूर्ण फेरा फिरला की त्याच्या आट्यांमधल्या अंतराइतका पुढे सरकतो. प्रोपेलरचे पातेही अशाच एका आट्याचा तुकडा असते. पिच ४.२ मीटर म्हणजे पाणी लाकडासारखे घट्ट असते तर प्रोपेलर दर फेऱ्याला ४.२ मीटर पुढे गेला असता. पाते मुळापासून टोकापर्यंत पिळलेले दिसते ते यामुळेच. टोकाला एका फेऱ्यात १८.८५ मीटरचा घेर कापायचा असतो, म्हणून तिथे पात्याचा कोन जेमतेम साडेबारा अंश असतो. मुळाजवळ, त्रिज्येच्या ०.३ भागावर, घेर साडेपाच मीटरच्या थोडा वर असतो आणि कोन साडेछत्तीस अंशांपर्यंत जातो. दोन्ही ठिकाणी पुढे सरकायचे अंतर मात्र तेच.

पाणी लाकूड नाही. ते मागे ढकलले जाते, आणि ढकलले गेले तरच जोर मिळतो. म्हणून जहाज पिचच्या हिशोबापेक्षा कमी जाते. ही तूट म्हणजे स्लिप. हिशोब सरळ आहे: मिनिटाला ११० फेरे, २४ तास, दर फेऱ्याला ४.२ मीटर, आणि १,८५२ मीटरचा एक सागरी मैल. हे धरले की प्रोपेलरचे ‘कागदी’ अंतर ३५९ मैल येते. नांगर टाकण्यापूर्वीच्या रिकाम्या फेरीत जहाज दिवसाला ३३१ मैल, म्हणजे १३.८ नॉट जात होते. स्लिप जवळजवळ ८ टक्के. नांगर उचलल्यावर तेवढ्याच फेऱ्यांत, शांत हवेत, दिवसाला ३०५ मैल. वेग १२.७ नॉट, स्लिप १५ टक्के.

एक काळजी इथे घ्यावीच लागते. ही स्लिप जमिनीच्या तुलनेतल्या अंतरावरून काढली तर प्रवाह तिच्यात मिसळतो. मागून दोन नॉटचा प्रवाह असेल तर स्लिप शून्याखालीही येते, आणि प्रोपेलरने काही चमत्कार केला आहे असे वाटते. म्हणून पाण्यातला वेग दाखवणाऱ्या लॉगचा आकडा वापरावा, वारा आणि लाटा साधारण सारख्या असलेले दिवस निवडावेत, आणि रिकाम्या फेरीची तुलना रिकाम्या फेरीशीच करावी. या प्रकरणात तसेच केले. चार दिवसांचे आकडे एकाच दिशेने बोलत होते.

स्लिप वाढली एवढ्यावरून दोष कुणाचा ते कळत नाही. त्यासाठी तिच्या शेजारी इंजिनाचा भार ठेवावा लागतो. कॅव्हिटेशन, म्हणजे पात्यावर पाण्याची वाफ होऊन पोकळी बनणे, इतके वाढले असते की पाती अर्धवट पोकळीत फिरू लागली असती, तर पात्यांना पाण्याची पकड राहिली नसती. तेवढ्याच फेऱ्यांना इंधन कमी लागले असते. इथे उलटे होते. फेरे तेच, पण फ्युएल इंडेक्स, म्हणजे इंजिनाला किती इंधन दिले जाते ते दाखवणारा आकडा, ६८ वरून ७३ वर गेला होता. इंजिन जास्त जोर लावत होते आणि जहाज हळू चालले होते. ही तळावर शेवाळ आणि शंख-शिंपले धरल्याची खूण. पाच आठवडे उष्ण पाण्यात उभ्या असलेल्या जहाजाचे दुसरे काही होण्याची अपेक्षाही नव्हती.

मग थरथरीचा तळाशी काय संबंध? तो पात्यावर पाणी कोणत्या कोनात येते यात आहे.

पाण्याचा कोन आणि वरच्या जागेची अडचण

वर काढलेली ८ टक्के स्लिप ही दिसणारी स्लिप. प्रोपेलर जहाजाच्या मागे असतो, आणि तिथले पाणी जहाजाने स्वतःबरोबर ओढत आणलेले असते. अशा भरल्या अंगाच्या जहाजात प्रोपेलरपर्यंत येणारे पाणी सरासरी ३५ टक्क्यांनी मंद झालेले असते. म्हणजे जहाज १३.८ नॉटने जात असताना प्रोपेलरला पाणी भेटते सुमारे ९ नॉटने. प्रोपेलरचा कागदी वेग १५ नॉट. खरी स्लिप झाली ४० टक्के, आणि पात्याचे काम तिच्यावरच चालते.

आता ही सरासरी मोडून पाहू, कारण सगळा त्रास तिच्या आत दडलेला आहे. जहाजाच्या मागे पाणी सगळीकडे सारखे मंद नसते. बाराच्या ठोक्याच्या जागी, म्हणजे पाते थेट वर असताना, ते जहाजाच्या अंगाच्या सावलीत शिरते. तिथे पाणी ६० टक्क्यांपर्यंत मंद झालेले असू शकते. खाली, सहाच्या जागी, ही मंदी १५ टक्क्यांच्या आसपास राहते. त्रिज्येच्या ०.७ भागावर पात्याचा कोन १७.७ अंश आहे. खालच्या पाण्यात एका फेऱ्याला पाणी ३.३ मीटर सरकून येते, त्याची वाट १४ अंशांची होते आणि पात्याशी तिचा कोन साधारण पावणेचार अंशांचा उरतो. वर तेच पाणी फेऱ्याला फक्त दीड मीटर सरकते आणि हा कोन ११ अंशांवर जातो. प्रोपेलर स्वतः पाणी ओढून घेतो त्यामुळे प्रत्यक्षातले कोन याहून लहान असतात, पण त्यांच्यातला फरक हाच. म्हणजे प्रत्येक पाते दर फेऱ्यात एकदा, सेकंदाच्या एका लहानशा भागात, तिप्पट तिरके होऊन पाण्यावर आदळते.

जहाज मंद झाले की हे बिघडते. १२.७ नॉटला सरासरी कोन ६.९ अंशांवरून ७.७ वर जातो, आणि वरच्या जागी आणखी अर्धा अंश वाढतो. शिवाय खरबरीत तळामुळे ओढत येणाऱ्या पाण्याचा थरही जाड होतो. शेवाळ पात्यावर नसले, नुसते तळावर असले, तरी पाते पूर्वीपेक्षा जास्त तिरके चालते ते असे.

पाणी थंडच उकळते

पात्याची जहाजाकडे तोंड केलेली बाजू पाण्याला ओढते. तिला ओढ-बाजू म्हणू. मागची ती दाब-बाजू. जोराचा मोठा वाटा ओढ-बाजूवरच्या कमी दाबातून येतो. पाते जितके तिरके, तितका पुढच्या कडेजवळ दाब खाली घसरतो. तो पाण्याच्या बाष्पदाबाइतका झाला, म्हणजे २८ अंश सेल्सियसच्या पाण्यात जेमतेम ४ किलोपास्कल, की पाणी त्याच जागी, थंडच, उकळते. वाफेची पोकळी तयार होते. हेच कॅव्हिटेशन.

हे किती सहज होते ते पाहा. पात्याचे टोक ११० फेऱ्यांना सेकंदाला साडेचौतीस मीटर वेगाने फिरते. त्या वेगाच्या पाण्याचा गतिदाब, म्हणजे ते पाणी अडवले तर वाढणारा दाब, ६१२ किलोपास्कल. माल भरला असताना मागचा ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बुडते ते माप, १२.५ मीटर होता आणि वरच्या टोकावर ६.३ मीटर पाणी होते. हवेचा दाब धरून तिथे १६४ किलोपास्कल होतात. रिकाम्या फेरीत मागचा ड्राफ्ट ७ मीटर, शाफ्टचा मध्य तळापासून ३.२ मीटर वर, त्रिज्या ३ मीटर. म्हणून वरच्या टोकावर उरले फक्त ८० सेंटिमीटर पाणी आणि १०९ किलोपास्कल. भरलेल्या जहाजात पात्याने गतिदाबाच्या २६ टक्के ओढ निर्माण केली तर पाणी उकळते. रिकाम्यात १७ टक्के पुरतात. नव्याने वाढलेल्या कोनाने ही मर्यादा ओलांडली गेली. माल असताना न जाणवलेली थरथर रिकाम्या फेरीत का आली, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

या शास्त्राचा जन्मही स्लिपच्या वहीतूनच झाला. चार्ल्स पार्सन्स यांची वाफेच्या टर्बाइनवर चालणारी बोट ‘टर्बिनिया’ १८९४ साली पहिल्यांदा धावली तेव्हा एका प्रोपेलरवर ती वीस नॉटही गाठेना. टर्बाइनचे फेरे भरपूर, पण स्लिप अफाट. पाण्याऐवजी पाती पोकळी घुसळत होती. शेवटी तीन शाफ्टवर प्रत्येकी तीन प्रोपेलर बसवून ओझे वाटले, आणि १८९७ साली ती चौतीस नॉटपर्यंत गेली. तिथे पोकळी इतकी होती की जोरच गेला. आपल्या बल्क कॅरियरवर पोकळी एवढी नाही. ती जोर जवळजवळ घटवत नाही. पण थरथर आणि खड्डे यांना तेवढीही पुरते.

थरथर कुठून येते

वर जाताना पात्यावर पोकळीचा चादरीसारखा थर फुगतो, आणि वरची जागा ओलांडताच मिटतो. पाणी दाबून लहान होत नाही. पोकळी फुगली की आजूबाजूचे पाणी बाहेर ढकलले जाते, मिटली की आत धावते. हा धक्का थेट वर असलेल्या जहाजाच्या तळाला बसतो. पोकळी नसतानाही पाते जवळून गेले की तळाला हलका धक्का बसतोच, पण फुगण्या-मिटण्याचा धक्का त्याच्या कित्येक पट असू शकतो. किती पोकळी आहे याहून ती किती झटक्यात बदलते याला महत्त्व जास्त.

यावरून थरथरीची लय मोजता येते. चार पाती, मिनिटाला ११० फेरे, म्हणून मिनिटाला ४४० धक्के, म्हणजे ७.३३ हर्ट्झ. सहा सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनाचे मुख्य ठोके मिनिटाला ६६०, म्हणजे ११ हर्ट्झ. प्रोपेलरचा तोल गेला असेल किंवा एक पाते इतरांपेक्षा वेगळे असेल तर लय फेऱ्याला एकदाच, १.८३ हर्ट्झ. केबिनच्या डेकवर आणि स्टिअरिंगच्या खोलीत थरथर मोजणारे ॲक्सेलरोमीटर ठेवून नोंद घेतली. सर्वात मोठे शिखर ७.३३ हर्ट्झला होते, त्याचीच दुप्पट १४.७ हर्ट्झला, आणि ११ हर्ट्झला नाव घेण्यासारखे काही नव्हते. इंजिन सुटले. मात्र १.८३ हर्ट्झला एक छोटे पण ठाम शिखर होते. चार पाती सारखी असती तर ते तिथे नसते. पाणबुडे उतरण्याआधीच एका पात्यात वेगळे काहीतरी आहे हे त्यावरून लिहून ठेवता आले.

केबिनमधल्या थरथरीच्या वेगाचा एकूण आकडा सेकंदाला ६.८ मिलिमीटर आला. आयएसओ ६९५४ च्या २००० सालच्या, आता मागे घेतलेल्या मापानुसार खलाशांच्या केबिनमध्ये ६ च्या वर तक्रारी येणे संभवते आणि ३ च्या खाली त्या येत नाहीत.

समुद्रातच एक प्रयोग करून पाहिला. मागच्या टाक्यांत बॅलास्ट वाढवून मागचा ड्राफ्ट ७.६ मीटर केला आणि फेरे १०४ वर आणले. टोकावरचे पाणी १.४ मीटर झाले आणि गतिदाब ५४७ किलोपास्कलवर उतरला, म्हणजे उकळण्याची मर्यादा १७ वरून २० टक्क्यांवर गेली. केबिनमधला आकडा ३.९ झाला. ड्राफ्ट साठ सेंटिमीटरने वाढवून आणि फेरे साडेपाच टक्क्यांनी कमी करून थरथर चाळीस टक्क्यांहून अधिक उतरली. कॅव्हिटेशन असेच वागते: उंबरठ्याजवळ थोडा बदलही खूप काही बदलतो. मात्र असे करताना पुढचा ड्राफ्ट घटून जहाजाचे पुढचे टोक लाटांवर आपटू नये, आणि जहाजाच्या वाकण्याच्या ताणाचा हिशोब लोडिंग कॉम्प्युटरवर आधी तपासलेला असावा.

पात्यावर काय सापडले

पुढच्या बंदरात पाणबुड्यांनी आधी पाती घासली, मग फोटो आणि मापे घेतली. तळावर अपेक्षेप्रमाणे शिंपले होते. दुसऱ्या क्रमांकाच्या पात्याची पुढची कड, त्रिज्येच्या ०.८ ते ०.९२ भागात, १२ मिलिमीटर ओढ-बाजूकडे वाकलेली होती. बहुधा तरंगते लाकूड लागले असावे. त्या वाकाच्या मागे, ओढ-बाजूवर, १८० बाय ९० मिलिमीटरचा एक पट्टा स्पंजसारखा खाल्लेला होता. सर्वात खोल खड्डा ६ मिलिमीटर. बाकीच्या तीन पात्यांवर त्याच जागी फक्त धातूची चमक गेलेली होती.

या पट्ट्याला गंज म्हणू नये. गंजलेला भाग साधारण गुळगुळीत, पसरट असतो. कॅव्हिटेशनने खाल्लेला भाग हाताला खरखरीत, धारदार लागतो, त्याच्या सीमा ठळक असतात आणि तो बहुधा पोकळी जिथे मिटते त्या जागी असतो. कारण असे: सरळ, शांत बसलेली चादर धातूला फारसे करत नाही. तिची मागची कड तुटते, तिच्यातून बुडबुड्यांचे ढग सुटतात आणि दाब वाढलेल्या पाण्यात शिरून कोसळतात. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेले यांनी १९१७ सालीच दाखवले होते की कोसळत्या पोकळीच्या शेवटच्या क्षणी दाब प्रचंड वाढतो. पृष्ठभागाजवळचा बुडबुडा एका बाजूने आत दुमडतो आणि पाण्याची सुईसारखी धार धातूवर आदळते. ब्राँझ आधी दबते, कडक होते, थकते, मग त्याचे कण उडू लागतात. म्हणूनच सुरुवातीला बराच काळ काही दिसत नाही आणि मग खड्डे भराभर वाढतात. खड्डा झाला की त्याची कडच नवी पोकळी तयार करते.

म्हणजे या जहाजावर एकाच नावाची दोन दुखणी होती. थरथर चारही पात्यांवर वरच्या जागी फुगणाऱ्या मोठ्या चादरीची. खड्डे एका वाकलेल्या कडेमागच्या लहान, पण सतत तुटणाऱ्या पोकळीचे. नुसती कड सरळ केली असती तर केबिन थरथरतच राहिल्या असत्या. नुसता तळ घासला असता तर थरथर शमली असती, आणि दुसरे पाते निमूटपणे खाल्ले जात राहिले असते.

दुरुस्ती

तळ साफ केला आणि पाती पॉलिश केली. वाकलेली कड पाण्याखालीच थंड अवस्थेत शक्य तितकी सरळ करून घासून आकारात आणली. खड्ड्यांना तिथे हात लावला नाही. खड्ड्यात इपॉक्सी भरायचा मोह होतो, पण ज्या जागी ब्राँझ टिकला नाही तिथे भरण टिकत नाही, आणि अर्धवट उखडल्यावर उरलेली कड आणखी पोकळी काढते. ग्राइंडरने खड्डा गुळगुळीत होईपर्यंत घासणेही चूक. पाते पातळ होते आणि आकार कायमचा जातो.

पुढे ड्रायडॉकमध्ये पट्टा निरोगी धातूपर्यंत खरवडला, डाय पेनिट्रंटने तडे नाहीत याची खात्री केली आणि वेल्डिंगने भरला. ही जागा त्रिज्येच्या ०.७ च्या बाहेर होती, म्हणून क्लासच्या, म्हणजे जहाजांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या, नियमांत वेल्डिंगला साधारणपणे परवानगी मिळते. मुळाजवळच्या दाब-बाजूवर ती मिळत नाही, कारण पात्याचा सगळा वाक तिथे येतो. या मिश्रधातूला वेल्डिंगपूर्वी किमान ५० अंशांपर्यंत गरम करतात आणि दोन थरांमध्ये २५० अंशांवर जाऊ देत नाहीत. नंतर पिचोमीटरने प्रत्येक पात्याचा पिच घेतला. दुरुस्तीआधी दुसऱ्या पात्याच्या ०.९ भागावर तो इतरांपेक्षा साडेचार टक्के जास्त होता, १.८३ हर्ट्झचे ते छोटे शिखर यातूनच येत होते. दुरुस्तीनंतर त्या पात्याचा सरासरी पिच ०.६ टक्क्याच्या फरकात आला. आयएसओ ४८४ च्या पहिल्या वर्गाला पात्यामागे १ टक्का चालतो.

पुढच्या रिकाम्या फेरीत ११० फेऱ्यांना दिवसाला ३२८ मैल झाले, स्लिप पावणेनऊ टक्क्यांच्या आत, फ्युएल इंडेक्स ६८. मागचा ड्राफ्ट ७.६ मीटरवरच ठेवला होता. केबिनमध्ये सेकंदाला ३.१ मिलिमीटर. १.८३ हर्ट्झचे शिखर नोंदीत सापडले नाही. ७.३३ चे राहिले, लहान होऊन. कारण वरच्या जागेचे मंद पाणी या जहाजाच्या आकारातच आहे, आणि ते कोणत्याही ड्रायडॉकमध्ये घासून जात नाही.